धूर, दरवाजा आणि दुपारची कवायत
(औसा येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



औशात उंच इमारती कुठे आहेत, असं तुम्ही म्हणाल. पण आपल्या लेकी-सुना पुण्या-मुंबईत दहाव्या-बाराव्या मजल्यावर राहतात. लेकीच्या बाळंतपणाला आपण तिथे महिना-दोन महिने राहतो. आपल्या गावच्या कितीतरी बाया तिथे धुणीभांडी करतात. दुपारी बारा वाजता अशा इमारतीत कोण असतं? बाया, लहान लेकरं, म्हातारी माणसं. म्हणून आगीचा प्रश्न आपला आहे.

22 ऑगस्ट 2018 रोजी सकाळी मुंबईत परळच्या क्रिस्टल टॉवर या इमारतीत बाराव्या मजल्यावर आग लागली. चौघांचा जीव गेला. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा बंद होती आणि भोगवटा प्रमाणपत्र नसतानाही लोक तिथे राहत होते, असं नंतर उघड झालं. त्याच इमारतीतल्या दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेलं आठवून शेजाऱ्यांना ओले कपडे नाकाला लावायला सांगितलं. तिचं कौतुक झालं, ते योग्यच. पण ओला कपडा काजळी अडवतो, विषारी वायू अडवत नाही. अशा आगीत बहुतेक माणसं भाजून नव्हे, धुराने गुदमरून मरतात. म्हणून पहिला प्रश्न हा, की धूर जिन्यात शिरतो का?

मागच्या वर्षी नात्यातल्या एका ताईंकडे पुण्याला गेले होते. त्या अकराव्या मजल्यावर राहतात. आम्ही दोघी जिना उतरत तपासणीला निघालो. जिन्याच्या तोंडाशी जाड, आपोआप बंद होणारा दरवाजा असतो. धूर बाहेर राहावा म्हणूनच तो असतो. तपासायची रीत सोपी आहे. अर्धा उघडून सोडून द्यायचा, तो स्वतःच्या जोराने पूर्ण बंद झाला पाहिजे. अकरा दरवाज्यांपैकी चार विटा नाहीतर पायपुसणी लावून उघडे ठेवलेले होते, दोन अर्ध्यावरच अडकत होते. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर आग लागली, तर तोच जिना धुराचं धुराडं होऊन वरच्या सगळ्यांची वाट बंद करणार. सातव्या मजल्यावर जिन्यात चपलांचं कपाट आणि जुनी गादी होती. दोन माणसं शेजारी-शेजारी उतरू शकत नव्हती.

मग लाल नळकांडी पाहिली. पावडरच्या नळकांड्यावरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा, पिन आणि सील जागेवर हवं, तपासणीची तारीख वाचता यायला हवी. दोन नळकांड्यांचे काटे लाल पट्ट्यात होते. काटा ठीक असला तरी त्याच्यावर फार भिस्त नको, कारण ते दहा-वीस सेकंदांत रिकामं होतं. ते टोपलीएवढ्या आगीसाठी आहे. पिन ओढायची, नळी ज्वाळेवर नव्हे तर आगीच्या बुडाशी धरायची, मूठ दाबून झाडू मारल्यासारखी फिरवायची. पाठ नेहमी दरवाज्याकडे हवी. कढईतलं तेल पेटलं तर त्याची गरज नाही. गॅस बंद करा, ताट झाका. पाणी कधीही नाही.

सोसायटीच्या सचिवांना ताईंनी एकच कागद मागितला. महाराष्ट्रात 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन दलाकडे द्यावं लागतं. त्याला फॉर्म बी म्हणतात. सचिव म्हणाले, "कागद आहे, पण कवायतही दरवर्षी होते की." विचारलं, कधी? रविवारी सकाळी दहाला. म्हणजे पुरुष घरी, लेकरं जागी, कामवाल्या बाया अजून आलेल्या नाहीत.

ताईंनी मागणी केली, एक कवायत कामाच्या दिवशी दुपारी घ्या, आणि घरकाम करणाऱ्या बायांनाही तिच्यात घ्या. ती झाली तेव्हा दोन गोष्टी कळल्या. बंद दारामागे आणि पंख्याच्या आवाजात घंटा ऐकूच येत नव्हती. शिवाय एका घरात मालकीण बाहेरून कुलूप लावून गेली होती आणि कामाची बाई आत होती! ती जिना उतरणार कशी? सोसायटीने मग ठराव केला, की आत माणूस असताना बाहेरून कुलूप लावायचं नाही.

तेव्हा लेकीकडे गेलात की पहिल्याच दिवशी जिन्याने खाली उतरून पाहा. आग लागली तर लिफ्ट वापरू नका. उतरताना जिन्यात धूर दिसला तर पुढे जाऊ नका. घरात परता, दार लावा, फटीत ओले कपडे कोंबा, खिडकीशी थांबा आणि 101 ला मजला व घरनंबर सांगा. खिडकीच्या गजांना उघडणारी चौकट आहे का आणि तिची किल्ली कुठे टांगली आहे, हे सुनेला आजच फोन करून विचारा.