ऑर्डर जुनी, कर नवा

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हा अनेकांनी विचारलं, आमची ऑर्डर तर ऑगस्टमधली, मग दर कोणता?

ऑर्डर कधी दिली, यावर दर ठरत नाही. माल कधी पोचला आणि बिल कधी निघालं, हे पाहायचं.

समजा, तुम्ही ऑगस्टमध्ये शंभर गोण्या सांगितल्या, मूळ भाव गोणीला ३०० रुपये. चाळीस गोण्या १५ सप्टेंबरला बिलासह आल्या. त्यांचे १२,००० रुपये आणि २८ टक्के कर ३,३६०. हे पैसे तुम्ही ऑक्टोबरमध्ये दिले तरी हा कर बदलत नाही. दुकानदाराकडे त्या बिलावर सवलत मागणं योग्य नाही.

उरलेल्या साठ गोण्या २५ सप्टेंबरला आल्या, बिलही त्याच दिवशीचं. त्यांचे १८,००० रुपये आणि १८ टक्के कर ३,२४०. जुन्या दराने तो ५,०४० झाला असता. म्हणजे १,८०० रुपये वाचले. ऑर्डरच्या कागदावर २८ टक्के छापलेलं असलं, तरी बिलावर १८च हवेत.

खरी चूक होते ती ‘करासह एकूण ३८४ रुपये गोणी’ अशा ठरावात. नव्या दराने तीच गोणी ३५४ रुपयांना पडते. दुकानदाराने ३८४च लावले, तर मूळ भाव गुपचूप वाढला असं समजा. म्हणून बिलावर मूळ भाव आणि कर वेगवेगळे लिहून घ्या, आणि ऑर्डरशी ताडून मगच पैसे द्या.