अपाक आणि एकुम : अज्ञान मुलाची सही



कोलशेतच्या जुन्या सातबाऱ्यांवर दोन शेरे नेहमी दिसतात. मुलाच्या नावापुढे ‘अपाक’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि कर्त्याच्या नावापुढे ‘एकुम’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बिल्डर दारात आला की या शेऱ्यांवर बरेच काही ठरते.

समजा, वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन त्यांच्या निधनानंतर आई आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या नावे लागली. विकास करारावर मुलाने स्वतःच सही केली, तर त्याच्यापुरता तो करार जन्मतःच निरर्थक. 1903 साली मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हे पक्के केले. कलकत्त्यातल्या अज्ञान धर्मोदासाने वीस हजारांसाठी मालमत्ता गहाण टाकली होती; गहाणखत तर गेलेच, सावकाराला त्याने दिलेले पैसेही परत मिळाले नाहीत. असा करार सज्ञान झाल्यावर ‘मान्य’ म्हणूनही जिवंत होत नाही. नवा करारच करावा लागतो.

मग मुलासाठी आईने सही केली तर? हिंदू कुटुंबांसाठी 1956 च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे कलम 8 सांगते, की न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय पालकाने मुलाची स्थावर मालमत्ता विकू नये, गहाण टाकू नये. परवानगी मिळते ती मुलाची गरज किंवा उघड फायदा असेल तरच. ‘मुलगा सज्ञान झाल्यावर कबूल करेल’ अशी हमी आईने दिली, तरी ती मुलाला बांधत नाही. मात्र परवानगीविना झालेले खरेदीखत आपोआप रद्द होत नाही. मुलाने ते नाकारले, तरच ते पडते.

नाकारण्याची मुदत सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांची, म्हणजे एकविसाव्या वाढदिवसापर्यंत. 2001 च्या विश्वंभर विरुद्ध लक्ष्मीनारायण या महाराष्ट्रातल्या खटल्यात मुलांनी आधी फक्त ताबा मागितला. आईने केलेली खते रद्द करण्याची मागणी मुदतीनंतर जोडली, आणि सर्वोच्च न्यायालयात ते हरले. मुदतीत खत नाकारल्याचे स्पष्ट वर्तनही पुरे, असे त्याच न्यायालयाने 2025 मध्ये म्हटले आहे; पण जमिनीवर दुसरा बसला असेल, तर मुदतीत दावा लावणेच सुरक्षित.

आता ‘एकुम’. जमीन वडिलोपार्जित आणि कुटुंब खरोखर एकत्र असेल, तर मुलाच्या अविभक्त हिश्शाला कलम 8 लागत नाही. कुटुंबाची गरज किंवा हित असेल, तर कर्ता त्या हिश्शासह विक्री करू शकतो. फक्त ती गरज घेणाऱ्याला सिद्ध करता आली पाहिजे. म्हणून जमीन कशी आली, हे शेऱ्यावरून नव्हे, फेरफारांवरून तपासा.

घरात कुणी अठराचा झाला असेल, तर वयाचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जा आणि ‘अपाक’ कमी करून घ्या. त्याच दिवशी त्याच्या अज्ञानपणी झालेली खतेही काढून वाचा. तीन वर्षे अठराव्या वाढदिवसापासूनच मोजली जातात.