शिकवणीची जाहिरात कोणत्या वारी, किती वाजता टाकावी?

 

आमच्या गटातल्या दोन सदस्या आठवी ते दहावीची शिकवणी चालवतात. दिवाळीनंतर दहावीच्या उजळणीची नवी तुकडी सुरू करायची होती. शिकवणीचं इन्स्टाग्रामवर खातं आहे. जाहिरात कधी टाकली म्हणजे ती आयांच्या नजरेला पडेल, हे आम्हाला ठरवायचं होतं. ते कसं ठरवलं, तेच आज सांगतो.

इन्स्टाग्राम स्वतःच थोडी माहिती देतं. त्यासाठी खातं Professional प्रकारचं करावं लागतं. ते सेटिंगमधून होतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. मग Insights उघडायचं आणि Followers वर जायचं. आपले अनुयायी निदान शंभर झाले असतील, तरच तिथे पुढची माहिती दिसते. खाली Most active times असा उभ्या पट्ट्यांचा तक्ता असतो. त्यात एकेक वार निवडता येतो आणि तीन-तीन तासांच्या टप्प्याने कधी किती जण इन्स्टाग्रामवर होते ते कळतं. 9p म्हणजे रात्रीचे नऊ, 12p म्हणजे दुपारचे बारा.

आमच्या खात्याला १६२ अनुयायी होते आणि सगळ्यात उंच पट्टी रात्री नऊची होती. तेवढ्यावरून रात्री नऊची वेळ पक्की करता आली असती. पण हा तक्ता फक्त एवढंच सांगतो की त्या वेळी आपले अनुयायी इन्स्टाग्राम बघत होते. ते अनुयायी कोण, हे तो सांगत नाही. म्हणून त्याच पानावर Top locations आणि Age range बघायचं. आमच्याकडे पहिलं नाव मुंबईचं निघालं, दुसरं नवी मुंबईचं. कराड आणि पाटण त्याच्या खाली. वयातही जास्त जण १८ ते २४ मधले.

हे आपल्या भागात नवल नाही. पाटण तालुक्यातली कितीतरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माथाडी कामाला, नोकरीला गेलेली आहेत. गावच्या शिकवणीचं पान दिसलं की तिकडचे भाऊ, भाचे, जुने विद्यार्थी प्रेमाने जोडले जातात. त्यांच्यामुळे रात्री नऊची पट्टी उंच होते. पण मुलाला शिकवणीला घालायचं की नाही, हे ते ठरवणार नाहीत. आणि फक्त पाटणच्या लोकांची पट्टी वेगळी दाखव, असं या तक्त्याला सांगता येत नाही.

मग आयांची वेळ कशी कळायची? त्यासाठी आम्ही व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस वापरलं. स्टेटस टाकलं की खाली डोळ्याचं चिन्ह असतं. ते दाबलं की कोणी बघितलं त्यांची नावं आणि प्रत्येकीची वेळ दिसते. इथे नाव कळतं, म्हणजे मुंबईचा भाचा कोण आणि आठवीतल्या मुलाची आई कोण, हे वेगळं करता येतं. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. आपला नंबर तिच्याकडे आणि तिचा आपल्याकडे साठवलेला असावा लागतो, नाहीतर स्टेटस पोचत नाही. आणि जिने निळ्या खुणा बंद केल्या आहेत, तिचं नाव यादीत येत नाही.

आम्ही स्टेटस पहाटेच टाकत होतो. संध्याकाळी टाकलं तर दुपारी बघणारी बाई त्या दिवशी दुपारी दिसणारच नाही. पहाटे टाकलं की दिवसभरात ती पहिल्यांदा कधी फोन उघडते, हे कळतं. आठवडाभर वहीत फक्त आयांच्या वेळा लिहिल्या. त्या दोन ठिकाणी गोळा झाल्या: दुपारी दोनच्या सुमाराला, जेवणाची भांडी उरकल्यावर, आणि रात्री साडेआठच्या पुढे.

आता दोन वेळा हाती आल्या. त्यातली कोणती चांगली, हे करूनच बघायला हवं. चार आठवडे, दर मंगळवारी आणि शनिवारी एक, अशा आठ जाहिराती टाकल्या. पहिल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी दोनला आणि शनिवारी रात्री साडेआठला. दुसऱ्या आठवड्यात उलट. तिसऱ्यात पुन्हा पहिल्यासारखं, चौथ्यात पुन्हा उलट. म्हणजे प्रत्येक वाराला दोन्ही वेळा दोनदा मिळाल्या. जाहिरातीचा नमुना एकच ठेवला, आणि एकीलाही पैसे देऊन पुढे ढकललं नाही. नाहीतर फरक वेळेमुळे पडला की चित्रामुळे, हे कळत नाही.

मोजायचं काय, हे आधीच ठरवलं होतं. बदाम नाही, बघणारे नाहीत, तर शिकवणीच्या चौकशीचे फोन. जाहिरात टाकल्यापासून दोन दिवसांत आलेला फोन त्या जाहिरातीच्या खात्यावर धरायचा, आणि प्रत्येकीला विचारायचं, “ताई, आमची जाहिरात कधी बघितलीत?”

चार आठवड्यांत १५ फोन आले. शनिवारी दुपारच्या जाहिरातींना ६, शनिवारी रात्रीच्या ५, मंगळवारी दुपारच्या ३, मंगळवारी रात्रीचा १. बघणाऱ्यांचा आकडा म्हणजे Views रात्री जास्त होता, पण फोन रात्री जास्त नव्हते.

आता हे वाचायचं कसं? वेळेप्रमाणे बेरीज केली तर दुपारी ९ आणि रात्री ६. हा फरक तीन फोनांचा आहे. तीन बायांनी फोन उशिरा केला असता तरी तो पुसला गेला असता. त्यावरून दुपारच चांगली, असं म्हणता येत नाही. वाराप्रमाणे बघितलं तर शनिवारी ११ आणि मंगळवारी ४. हा फरक मोठा आहे, आणि दोन्ही वेळांना एकाच बाजूला झुकतो. शिवाय फोन करणाऱ्यांनी त्याचं कारणही सांगितलं. फीचा विषय घरात एकटीने ठरत नाही. मालक मुंबईला असले तर रविवारी निवांत बोलणं होतं. शनिवारी बघितलेली जाहिरात रविवारी लक्षात असते. मंगळवारची तोपर्यंत मागे पडते.

म्हणून आम्ही शनिवार पक्का केला. वेळ दुपारी दोनची घेतली, कारण तीच जाहिरात मग रात्रीही वर असते. पोस्ट आधी तयार करून Schedule करता येते, त्यामुळे शनिवारी कामात असलो तरी ती वेळेवर जाते.

हे उत्तर नोव्हेंबर-डिसेंबरचं आहे, एवढं लक्षात ठेवा. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पाऊस असतो, शेतीची कामं असतात, रेंज जाते-येते. दुपारी दोनला बाई शिवारात असते आणि रात्री साडेआठला झोपेला आलेली असते. तेव्हा पहाटेच्या स्टेटसची वही पुन्हा आठवडाभर लिहावी लागेल. मुंबईकर मे महिन्यात आणि गणपतीत गावी येतात, ते आठवडे मोजणीत धरू नयेत. आणि शिवणक्लास असेल, मसाल्याची विक्री असेल, तर तुमच्या गिऱ्हाइकाचा वार वेगळा निघेल. शनिवार आमच्याकडून उचलू नका. वही, दोन वार, दोन वेळा आणि फोनांची मोजणी, एवढं मात्र जरूर घ्या.

तुमच्या गटात कोणी असं करून बघितलं, तर पुढच्या बैठकीला वही घेऊन या. एकत्र बसून आकडे बघू.