पोटदुखी, शाळा आणि मुलाच्या मनातील काळजी

शाळेच्या दिवशी सकाळी मूल पोट धरून बसते, पुढ्यातील नाश्ता बाजूला सारते, मळमळते म्हणून रडू लागते, आणि शाळेची वेळ टळून गेल्यावर तासाभरातच खेळायला लागते, असा प्रकार पुन्हा पुन्हा घडू लागला की घरातील मोठी माणसे बहुधा दोनपैकी एका निष्कर्षाला येतात. काहींना ते मूल सोंग करीत आहे असे वाटते, तर काहींना पोटात एखादा दडलेला आजार असावा अशी शंका येते आणि तपासण्यांमागून तपासण्या सुरू होतात. काळजीतून उद्भवणाऱ्या पोटदुखीच्या बाबतीत हे दोन्ही निष्कर्ष चुकतात, कारण ती वेदना खरी असते, मात्र तिचे मूळ पोटाच्या एखाद्या बिघाडात नसते. या भाषणात अशा मुलाला शाळेत परत नेण्याचा मार्ग कोणता, याचा विचार करावयाचा आहे.

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत मज्जापेशींचे एक दाट जाळे पसरलेले असते आणि ते मेंदूशी सतत संदेशांची देवाणघेवाण करीत असते. भीती वाटू लागली की मेंदू शरीराला संकटासाठी सज्ज करतो, ॲड्रिनॅलिनसारखी संप्रेरके, म्हणजे रक्तातून संदेश पोहोचविणारी द्रव्ये, वाढतात, जठराचे काम मंदावते आणि आतड्यांच्या हालचालींची लय बदलते. काही मुलांच्या बाबतीत या जाळ्याची संवेदनशीलता मुळातच अधिक असते, त्यामुळे इतरांना जाणवणारही नाही असा आतड्याचा ताण त्यांना वेदना म्हणून जाणवतो. ज्या पोटदुखीत अवयवाची रचना निर्दोष असते पण त्याच्या कार्यात आणि संवेदनेत फरक पडलेला असतो, तिला वैद्यकशास्त्रात कार्यात्मक पोटदुखी म्हणतात. म्हणूनच ‘तुला काही झालेले नाही’ हे मोठ्यांचे वाक्य मुलाला खोटे वाटते, आणि आपले दुखणे पटवून देण्यासाठी ते अधिकच तक्रार करू लागते.

अर्थात हे कारण गृहीत धरण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांकडून एकदा नीट तपासणी करून घेणे आवश्यक असते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी 1958 मध्ये एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा सुमारे दहा टक्के मुलांना वारंवार पोटदुखी होत असल्याचे आढळले आणि त्यांपैकी बहुसंख्य मुलांमध्ये कोणताही शारीरिक आजार सापडला नाही. वेदना नाभीपासून जितकी दूर, तितकी शारीरिक कारणाची शक्यता अधिक, हा त्यांच्या नावाने ओळखला जाणारा आडाखा आजही डॉक्टर लक्षात ठेवतात. वजन घटणे, उंची न वाढणे, शौचातून रक्त पडणे, वारंवार उलट्या होणे, ताप येणे, लघवीला जळजळ होणे, वेदनेने रात्री झोपेतून जाग येणे किंवा पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला एकाच जागी दुखणे, यांपैकी काहीही असेल तर काळजीचा विचार मागे ठेवून आधी शारीरिक कारण शोधावे लागते. बद्धकोष्ठ हे अगदी साधे कारणही येथे विसरता येत नाही, कारण शाळेतील स्वच्छतागृह नकोसे वाटल्यामुळे दिवसभर शौच रोखून धरणारी मुले अनेक असतात.

शारीरिक कारण नाही हे ठरल्यानंतर पुढचा प्रश्न येतो तो ही पोटदुखी टिकून का राहते हा. सकाळी मुलाची भीती टोकाला पोहोचलेली असते आणि नेमक्या त्याच क्षणी ‘आज राहू दे घरी’ हे शब्द कानी पडताच भीती आणि वेदना दोन्ही झपाट्याने उतरतात. ही सुटका इतकी सुखद असते की दुखले म्हणजे घरी राहायचे आणि घरी राहिले म्हणजे बरे वाटते, हा धडा मूल नकळत शिकते. मात्र शाळेत गेल्यावर काय झाले असते हे त्याला अनुभवता येत नाही, त्यामुळे भीती तशीच राहते, बुडालेल्या अभ्यासाची नवी काळजी तिच्यात मिसळते आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ आदल्या दिवसापेक्षा कठीण होते. येथे मूल लबाडी करीत नसते आणि पालकही चुकीच्या हेतूने वागत नसतात. मायेपोटी दिलेली सवलतच काळजीला खतपाणी घालत असते.

वेदनेकडे किती लक्ष द्यावे, याबाबत अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग उद्बोधक आहे. मुलांना भरपूर पाणी पिण्यास देऊन पोटात तात्पुरती अस्वस्थता निर्माण करण्यात आली, त्यानंतर काही पालकांना मुलाच्या त्रासाची विचारपूस करीत राहण्यास, तर काहींना त्याचे लक्ष दुसऱ्या विषयाकडे वळविण्यास सांगण्यात आले. विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या आणि लक्ष वळविलेल्या मुलांच्या तक्रारी कमी झाल्या. लक्षणीय बाब अशी की दुखणाऱ्या मुलांना लक्ष वळविणे उपयोगी वाटले, पण त्यांच्या पालकांना मात्र त्याचा वाईट परिणाम होईल अशी धास्ती वाटली. वेदनेची दखल एकदा घ्यावी आणि मग बोलणे दुसरीकडे न्यावे, या सल्ल्यामागे हा आधार आहे.

प्रत्यक्ष कृती कशी असते हे चौथीत शिकणाऱ्या नऊ वर्षांच्या एका मुलीचे उदाहरण कल्पून पाहता येईल. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचे पोट नाभीभोवती दुखू लागले, आजीने हिंग उगाळून लावला, ओवा दिला, डॉक्टरांच्या तपासणीत काही निघाले नाही, आणि तीन आठवड्यांत तिचे आठ दिवस बुडाले. अशा वेळी पहिले काम म्हणजे नोंद ठेवणे. आईने एका वहीत वार, दुखण्याची वेळ आणि त्या दिवसाचे वेळापत्रक लिहून ठेवल्यावर असे दिसले की रविवारी दुपारपर्यंत काहीच त्रास नसतो, रविवारी संध्याकाळी तो सुरू होतो, आणि मंगळवारी व शुक्रवारी तो सर्वाधिक असतो. त्या दोन्ही दिवशी इंग्रजीचा तास होता. मग सकाळच्या धांदलीत नव्हे तर संध्याकाळी, भाजी निवडता निवडता, ‘शाळेत काय होतं?’ असा मोघम प्रश्न टाळून ‘कुठल्या तासाला जास्त दुखतं गं?’ असे विचारले गेले, तेव्हा हजेरीपटाच्या क्रमाने उभे राहून धडा वाचावा लागतो, एकदा शब्द अडला तेव्हा मुले हसली, आणि आता आपला नंबर पुन्हा येईल, ही भीती बाहेर आली.

भीतीचे नाव कळल्यावर तिच्या पायऱ्या ठरविता येतात. मुलीने स्वतः प्रत्येक प्रसंगाला शून्य ते दहा गुण दिले: वर्गात बसून इतरांचे वाचन ऐकणे तीन, मधल्या सुट्टीत फक्त बाईंसमोर वाचणे चार, मैत्रिणीबरोबर जोडीने वाचणे सहा, आदल्या दिवशी सांगितलेली दोन वाक्ये वर्गात वाचणे आठ आणि न सांगता नंबर आल्यावर परिच्छेद वाचणे दहा. वर्गशिक्षिकेने या क्रमाने जाण्याचे मान्य केले आणि तोवर तिला अचानक उभे न करण्याचे ठरविले. प्रत्येक पायरी अनेकदा करावयाची असते आणि भीती निम्म्यावर आल्याखेरीज पुढची पायरी घ्यावयाची नसते. त्याचबरोबर भीती शिगेला असताना मध्येच सोडून निघून जाणेही टाळावे लागते, अन्यथा सुटकेचा जुना धडाच पुन्हा गिरविला जातो. वाचनाच्या पायऱ्या सावकाश चढता येतात, शाळेत जाणे मात्र लांबविता येत नाही. म्हणून पुढच्या सोमवारपासून पूर्ण दिवस शाळा हे पहिल्यापासूनच ठरले. अनेक आठवडे किंवा महिने गैरहजर राहिलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र दोन तासांपासून आरंभ करून दर काही दिवसांनी वेळ वाढविणे अधिक योग्य ठरते.

सकाळचा कार्यक्रम ठरलेला आणि थोड्या शब्दांचा असावा लागतो. अर्धा तास लवकर उठणे, शौचाला पुरेसा वेळ, हलका नाश्ता, आणि तक्रार आली की आईचे एकच उत्तर: ‘पोटात दुखतंय हे मला कळतंय. तरी तू जाऊ शकशील, आणि शाळेत दुखलं तर काय करायचं ते आपलं ठरलंय.’ त्यानंतर चर्चा नाही, धमकी नाही आणि आमिषही नाही. आजीचा हिंग लावण्यास हरकत नाही, फक्त तो शाळेत जाण्यापूर्वी लावावयाचा, घरी राहण्याचे निमित्त म्हणून नव्हे. आईला सोडताना रडू अधिक येत असल्याने सोडण्याचे काम वडिलांनी घेतले आणि फाटकापाशी शिक्षिकेच्या हाती सोपवून ते लगेच निघाले, कारण तेथे रेंगाळणारा पालक परत नेईल ही आशा मुलाच्या मनात जागी ठेवतो. वर्गात दुखू लागल्यास ठरलेल्या जागी दहा मिनिटे बसणे, आत घेतलेल्या श्वासापेक्षा सोडलेला श्वास लांबविणे, पाणी पिणे आणि पुन्हा वर्गात येणे, एवढीच मुभा होती. उलटी किंवा ताप असल्याखेरीज घरी फोन करावयाचा नव्हता. खरोखरच आजारी पडून घरी राहावे लागले तर तो दिवस टीव्ही आणि मोबाइलविना, विश्रांतीचा आणि जमेल तेवढ्या अभ्यासाचा असावा, असेही ठरले.

या पद्धतीला एक कडक मर्यादा आहे. भीतीचे कारण खरोखरीचे असेल, म्हणजे वर्गातील कोणी छळत असेल, शिक्षक मारत असतील, किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर कोणी अंगचटीला जात असेल, तर मुलाला धीर धरायला शिकविणे हा अन्याय होतो. तेथे आधी ते कारणच दूर करावे लागते. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मनाई आहे, हे पालकांना माहीत असावे. त्याचप्रमाणे मराठी वाचतानाही मूल सतत अडखळत असेल तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन किंवा लेखन न जमण्याची तपासणी करून घ्यावी. मूल सदैव उदास राहत असेल, जगणे नको असे बोलत असेल, किंवा नेटाने प्रयत्न करूनही दोन-तीन आठवड्यांत उपस्थिती सुधारत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची किंवा समुपदेशकांची मदत घेण्यास विलंब करू नये. सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

प्रगती कशी मोजावी याची कल्पना पालकांना आधीच असेल तर ते मध्येच हात टेकत नाहीत. पहिल्या काही दिवसांत रडणे आणि तक्रारी वाढण्याचीच शक्यता असते, कारण आजवर चाललेला उपाय एकाएकी चालेनासा झालेला असतो, आणि याच दिवसांत एकदा जरी माघार घेतली तरी अधिक जोराने रडल्यास घरी राहता येते हे मूल शिकते. सुधारणा प्रथम हजेरीत दिसते आणि पोटदुखी तिच्या मागून, काही आठवड्यांनी ओसरते. त्यामुळे ‘आज पोट दुखलं का?’ असे रोज विचारण्याऐवजी ‘आज कोणता तास आवडला?’ असे विचारावे आणि वहीत दुखण्याऐवजी हजेरी मांडावी. सोमवारी, आजारपणानंतर आणि मोठ्या सुट्टीनंतर त्रास थोडा परतणे स्वाभाविक असते. म्हणून जूनमध्ये किंवा दिवाळीनंतर शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधीच झोपेची वेळ रुळावर आणावी, शिक्षकांशी बोलून घ्यावे आणि पहिल्या दिवसाचा ठरलेला क्रम मुलाबरोबर एकदा उजळून घ्यावा.