भात, तांदूळ आणि एक गोळी : इमोजीने मराठी शिकवताना

(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी भाषेचा शिक्षक नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. भिवंडीत आमच्या मोहल्ल्यात बायकांसाठी मराठीचा एक छोटा वर्ग चालतो, त्याचं व्हॉट्सॲपचं काम माझ्याकडे आलं आणि मी त्यात अडकलो. तुमच्यापैकी काही जण आपापल्या गावी असे वर्ग सुरू करणार आहेत. म्हणून आमचं काय जमलं आणि कुठे फसलं, ते सांगतो.

आमच्या वर्गातल्या बहुतेक जणी चाळिशीच्या पुढच्या. घरात उर्दू. काहींना उर्दू वाचता येतं, देवनागरी मात्र बऱ्याच जणींना येत नाही. दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, मुलांच्या शाळेत पालकसभेला त्यांना मराठीत चार वाक्यं बोलायची असतात. त्यासाठी आधी बाराखडी शिका म्हटलं, तर निम्म्या जणी दुसऱ्या आठवड्यात येत नाहीत. लिपी बाजूला ठेवून शब्द कसे द्यायचे, हा प्रश्न होता. प्रत्येकीच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये इमोजी होते.

पद्धत साधी ठेवली. दुपारी कामं आवरली की ग्रुपवर एक इमोजी पाठवायचा, त्याखाली आवाजात शब्द दोनदा म्हणायचा. उत्तरही आवाजातच यायला हवं, लिहायचं काहीच नाही. दिवसाला पाच शब्द. 🐓 कोंबडा, 🧅 कांदा, 🔑 किल्ली, 🐟 मासा, 👂 कान. हात लावता येईल अशा वस्तूंसाठी हे छान चालतं. मधे उर्दू शब्द येत नाही, त्यामुळे वस्तू आणि मराठी शब्द यांची थेट गाठ पडते.

एका ठिकाणी तर इमोजीने व्याकरणसुद्धा शिकवलं. मराठीत एक अंडं, दोन अंडी. एक केळं, दोन केळी. उर्दूच्या कानाला ‘ई’ हा शेवट बाईमाणसाचा वाटतो, लडकी, बकरी, रोटी, आणि तोही एकवचनी. त्यामुळे आमच्याकडे सगळ्या ‘एक अंडी’ म्हणायच्या. मी नपुंसकलिंग समजावत बसलो, कोणाच्या काही लक्षात येईना. मग नुसतं 🥚 पाठवलं आणि म्हटलं ‘अंडं’. पाठोपाठ 🥚🥚🥚 पाठवलं आणि म्हटलं ‘अंडी’. त्यानंतर 🍌 आणि 🍌🍌🍌. तिसऱ्या जोडीला एक खाला स्वतःच म्हणाल्या, “अच्छा, ज्यादा हुए तो ई!” नियम त्यांनी शोधला, मी नाही.

आता कुठे फसलं ते.

पहिला धडा तांदळाने दिला. मी 🍚 पाठवला आणि म्हटलं ‘भात’. सगळ्यांनी बरोबर म्हटलं, मी खूश. दोन दिवसांनी एक आपा सांगत आल्या की दुकानात त्यांनी ‘पाच किलो भात द्या’ म्हटलं आणि दुकानदार हसला. चूक त्यांची नव्हती, माझी होती. उर्दूत कच्चा असो की शिजलेला, दोन्हीला चावलच म्हणतात. मराठीत पोत्यात असतो तो तांदूळ, ताटात येतो तो भात. आणि शेतात उभ्या असलेल्या पिकालाही बरेच शेतकरी भातच म्हणतात. इमोजीत वाडग्यातला शिजलेला भात दिसतो खरा, पण बघणारीच्या मनात त्याचं नाव ‘चावल’ असतं. तिने ‘भात’ हा शब्द वाडग्याला लावला नाही, ‘चावल’ला लावला, आणि मग तो पोत्यापर्यंत गेला.

चित्र वस्तू दाखवतं, पण शब्दाची हद्द दाखवत नाही. उर्दूत जिथे एक शब्द आहे आणि मराठीत दोन, तिथे एक इमोजी पाठवणं म्हणजे चुकीची पेरणी. आम्ही मग इमोजी सोडला आणि एका मुठीत तांदूळ, शेजारी वाटीत भात, असा घरातला फोटो काढून दोन्ही शब्द एकदम दिले. उपाय सोपा होता. अडचण अशी, की चूक वर्गात कळतच नाही. वर्गात 🍚 बघून ‘भात’ हे उत्तर बरोबरच येतं. ती दुकानात गेल्यावर कळते. म्हणून आता आम्ही ‘हे काय आहे?’ एवढंच विचारत नाही. ‘दुकानातून काय आणाल? ताटात काय वाढाल?’ असंही विचारतो.

दुसरा धडा त्याच्या उलट. इथे शब्द ओळखीचा आणि अर्थ वेगळा. ⬇️ पाठवून मी म्हटलं ‘खाली’. एकीने लगेच विचारलं, “मगर इसमें खाली क्या है? तीर तो भरा हुआ है.” उर्दूत खाली म्हणजे रिकामं. मराठीत खाली म्हणजे नीचे. तिने विचारलं म्हणून कळलं. बाकीच्यांनी ऐकून घेतलं होतं आणि प्रत्येकीने बाणाचा काहीतरी अर्थ लावून घेतला होता. अशा शब्दांना इमोजी पुरत नाही, तिथे सरळ उर्दूत सांगावं लागतं : तुमचं खाली ते आमचं रिकामं, आमचं खाली ते तुमचं नीचे. एक वाक्य, काम संपलं. उर्दू वापरायचं नाही हा माझा हट्ट तिथे मोडला.

तो मोडला ते बरं झालं, कारण पुढे दवाखान्याचे शब्द आले. 🤒 दाखवून ‘ताप’ शिकवता येतो, पण दवाखान्यात नुसतं ‘ताप’ म्हणून भागत नाही. ‘मला ताप आहे’ हे वाक्य इमोजीतून निघणार नाही. उर्दूतून मात्र ते अलगद निघतं : मुझे बुखार है, मला ताप आहे. रचना तीच आहे, शब्द बदलले की झालं. म्हणजे नाव चित्राने द्यावं आणि वाक्य घरच्या भाषेने.

आता मुख्य गोष्ट. हिच्यामुळेच मी आज बोलायला तयार झालो.

औषधाच्या वेळांसाठी मी दोन इमोजींची जोडी केली होती. 💊🍽️ म्हणजे जेवणाआधी गोळी. 🍽️💊 म्हणजे जेवणानंतर. जे आधी दिसेल ते आधी करायचं. मला यात काहीच शंका वाटली नव्हती. उजळणी घेतली तेव्हा काही जणींनी बरोबर उलट सांगितलं. त्या गोंधळलेल्या नव्हत्या, ठामपणे सांगत होत्या. मी बघितलं, या सगळ्या उर्दू वाचणाऱ्या. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात. 💊🍽️ मध्ये त्यांना आधी ताट दिसत होतं, मग गोळी. ‘आधी’ कोणत्या बाजूला असतं, हे चित्रात कुठेच लिहिलेलं नसतं. मी देवनागरी वाचणारा, म्हणून मला डावीकडे दिसत होतं.

मग मी इंजिनियरची हुशारी केली. मधे बाण टाकला : 💊➡️🍽️. आता दिशा स्पष्ट झाली असं वाटलं. वर मदत म्हणून ओळीच्या सुरुवातीला उर्दूत ‘दवा’ लिहिलं. आणि ते आणखी बिघडलं.

का, ते थोडक्यात सांगतो. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला दिशा ठरवून दिलेली असते. देवनागरी अक्षर डावीकडून, उर्दू अक्षर उजवीकडून. इमोजीला स्वतःची दिशा नसते, तो आजूबाजूच्या मजकुराबरोबर वाहतो. ओळीचं पहिलं अक्षर उर्दू असेल, तर फोन सहसा सगळी ओळ उजवीकडून मांडतो. म्हणजे मी आधी टाइप केलेली गोळी उजवीकडे जाते आणि ताट डावीकडे. कंस असता तर तो अशा ओळीत आपोआप उलटला असता, पण बाणाचं तसं नाही. बाण उजवीकडेच बघत राहतो. म्हणून मी पाठवलं ‘गोळी, मग जेवण’ आणि पडद्यावर दिसलं :

🍽️➡️💊

जेवण, मग गोळी. आधीच्या जोडीत निदान शंकेला जागा होती. बाणाने ती काढून टाकली आणि चुकीचा अर्थ पक्का केला. हे घरी करून बघा. एक ओळ देवनागरी शब्दाने सुरू करा, दुसरी उर्दू शब्दाने, आणि पुढे तेच तीन इमोजी त्याच क्रमाने टाका.

आमच्याकडे हे उजळणीत सापडलं, कोणाला त्रास झाला नाही. पण काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तरच नीट लागू पडतात, काही उपाशीपोटी घेतल्या तर पोटाला त्रास देतात. केळं आणि केळी यांत चूक झाली तर दुकानदार हसेल. इथे तसं नाही. म्हणून आम्ही औषधाच्या वेळा इमोजीतून पूर्ण काढून टाकल्या. आता ‘जेवणाआधी’, ‘जेवणानंतर’ आणि ‘उपाशीपोटी’ हे तीन शब्द फक्त आवाजात देतो, बरोबर उर्दू अर्थ : खाने से पहले, खाने के बाद, खाली पेट. या शेवटच्या शब्दामुळे खाली आणि रिकामं यांचा धडाही पुन्हा होतो. आणि तपासताना ‘समजलं का?’ असं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी हो असतं. विचारतो, “तुमचं जेवण झालं. गोळी घेऊन झाली की अजून घ्यायची आहे?” उत्तर चुकलं तर लगेच कळतं.

आणखी एक किरकोळ गोष्ट, पण तुम्हालाही भेटेल. जुन्या फोनवर नवे इमोजी दिसत नाहीत. चपातीसाठी मी 🫓 पाठवला, तो 2020 साली आलेला इमोजी. एका आपांच्या फोनवर त्याजागी नुसता रिकामा चौकोन आला. त्यांनी मोठ्या विश्वासाने उत्तर पाठवलं, “डबा.” त्यांच्या पडद्यावर जे होतं, त्याचं ते बरोबर उत्तर होतं. तेव्हापासून कुठलाही इमोजी आधी वर्गातल्या सगळ्यात जुन्या फोनवर पाठवून बघतो.

आता आमची रीत अशी आहे. शब्द ठरवायच्या आधी इमोजी नुसताच, आवाजाशिवाय, वर्गाबाहेरच्या चार-पाच बायकांना पाठवतो आणि विचारतो, इसको क्या बोलेंगे? सगळ्यांचं एकच उत्तर आलं आणि त्या उर्दू शब्दाला मराठीत एकच शब्द असला, तर तो इमोजी ठेवतो. उत्तरं वेगवेगळी आली, तर टाकून देतो. 🙏 ला कोणी नमस्ते म्हणालं, कोणी शुक्रिया, कोणी माफी. तो गेला. 🍽️ ला कोणी खाना म्हणालं, कोणी हॉटेल, आणि एक खाला म्हणाल्या, “खाली प्लेट.” नीट बघा, ताटात खरोखरच काही नाही.

त्याच ताटावर मी गोळ्यांच्या वेळा शिकवत होतो.