पासवर्ड बदलला आणि पॅसेजमधला दिवा रुसला

इकडे ब्रिटनमध्ये डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो. साताऱ्याहून आलेल्या आईसाठी आम्ही पॅसेजमधला दिवा स्मार्ट प्लगवर लावला होता. मी वाय-फायचा पासवर्ड बदलला, प्लग ‘ऑफलाइन’ झाला आणि रात्री आई अंधारात भिंत चाचपडत बाथरूमला गेली.

तुमच्याकडे असं झालं तर आधी प्लगवरचं बटण हाताने दाबा. दिवा लागेल, तेवढी रात्र निभेल. स्मार्ट बल्ब असेल तर भिंतीवरचा स्विच बंद करून पुन्हा चालू करा, बहुतेक बल्ब पेटतात.

आता कारण. प्लगने वाय-फायचं नाव आणि जुना पासवर्ड लक्षात ठेवलेला असतो. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड, त्यामुळे नवा पासवर्ड तो विचारू शकत नाही. जुनाच पासवर्ड घेऊन तो दार ठोठावत राहतो. म्हणून त्याला रिसेट करावं लागतं. लक्षात ठेवा, रिसेट प्लगला करायचं, राउटरला नाही! राउटरचं बारीक छिद्र टाचणीने दाबलंत, तर सगळ्या घराचं वाय-फाय पुन्हा मांडावं लागेल.

प्लगचं बटण पाच ते दहा सेकंद दाबून धरा. त्यावरचा दिवा भरभर लुकलुकला की तो तयार झाला. बल्बला बटण नसतं. तो स्विचने ओळीने काही वेळा चालू-बंद करायचा, किती वेळा ते त्याच्या माहितीपत्रकात असतं. मग अॅपमध्ये ‘नवीन उपकरण जोडा’ निवडा आणि नवा पासवर्ड द्या. वेळापत्रक राहिलं आहे का, तेही तपासा.

मी एवढं केलं, तरी प्लग जोडला जाईना. गोम होती बँडची. असे बहुतेक प्लग आणि बल्ब फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ वर नाही. पासवर्ड बदलताना मी राउटरचे दोन्ही बँड एकाच नावाखाली आणले होते आणि माझा फोन ५ वर बसला होता. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ला वेगळं नाव दिलं, फोन त्यावर जोडला आणि दोन मिनिटांत प्लग आला. तरीही अडलं, तर सुरक्षेच्या रकान्यात फक्त WPA3 आहे का ते बघा. जुन्या उपकरणांना WPA2 लागतं.

आणि राउटरच नवा आणला असेल, तर यातलं काहीच करू नका. त्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड अक्षरशः तसाच द्या, २.४ चालू ठेवा. सगळे दिवे आपोआप परततात. पण पासवर्ड कुणाच्या हाती लागला म्हणून बदलला असेल, तर मात्र ही पळवाट नको.

आमच्या पॅसेजमध्ये आता चारला दिवा लागतो.