तिलवाऱ्याचं पाणी आणि माझी खुर्ची



पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या जबलपूरच्या मंडळातल्या एका तरुण कार्यकर्त्याचा फोन आला. "काका, तिलवारा घाटावर परिसंवाद ठेवलाय. बरगी धरणाचे दरवाजे उघडले की पाणी कुठवर चढतं, लोकांना किती आधी कळवायला हवं, असा विषय आहे. तुमचं नाव पत्रिकेत घालतो."

माझंच नाव का, ते मला लगेच कळलं. तिलवाऱ्याजवळ १९३९ साली त्रिपुरी काँग्रेस भरली, तिच्यावर मी मागे एकदा बोललो होतो. मी इतिहासाचा मास्तर. वा. वि. मिराशींनी १९५५ साली प्रसिद्ध केलेला कलचुरी-चेदी लेखांचा खंड म्हणजे माझी रोजची दूध-भाकर. पण तिलवारा म्हटलं की काका, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. घाट तोच होता, विषय मात्र माझा नव्हता.

खोटं कशाला बोलू, मोह झाला. दोन दिवस वाचलं असतं, तर वीस मिनिटं सहज बोललो असतो. बरगीला एकवीस दरवाजे, पूर्ण जलपातळी ४२२.७६ मीटर, हे कुणालाही पाठ करता येतं. अडचण होते ती दुसऱ्या प्रश्नाला. पहिल्या प्रश्नाची तयारी घरी करता येते. दुसरा निघतो आपल्याच उत्तरातून, आणि तिथे पाठांतर उघडं पडतं. एकदा मी भेडाघाटच्या संगमरवरावर असाच बोललो होतो. एका मुलीनं उठून विचारलं, "मग लम्हेट्याला डायनासोरचे अवशेष सापडतात, तो खडक याच वयाचा का?" मी बेधडक हो म्हणालो. संगमरवर त्यापेक्षा अब्जाहून जास्त वर्षांनी जुना आहे, हे मला घरी आल्यावर कळलं. त्या मुलीनं माझं उत्तर वहीत उतरवून घेतलं होतं, ते अजून सलतं.

म्हणून या वेळी त्याच संध्याकाळी नकार कळवला. "तब्येत बरी नाही", "बाहेरगावी जातोय" असं सांगितलं नाही. तसं सांगितलं की समोरचा तारीख बदलून देतो आणि आपण जास्तच अडकतो. लिहिलं ते एवढंच: "धरणातून इतकं पाणी सोडलं, तर घाटाची कितवी पायरी बुडेल, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. आणि तुमच्या श्रोत्यांना नेमकं तेच हवंय." मी नम्रपणे 'माझा अभ्यास नाही' म्हटलं असतं, तर त्याला तो विनय वाटला असता. न येणारा प्रश्नच लिहून दिला, तेव्हा त्याला पटलं.

पण नुसता नकार कळवून त्याची पंचाईत सुटत नव्हती, दुसरं नाव सुचवायला हवं होतं. एका मोठ्या निवृत्त अधिकाऱ्यांचं नाव माझ्या ओठावर आलं होतं. मग वाटलं, त्यांनी पाण्याच्या फायलींवर सह्या केल्या, पाणी मोजलं दुसऱ्याच कुणीतरी. नदीची पातळी आणि प्रवाह यांचा मेळ घालण्यात जिची बरीच वर्षं गेली, अशी एक अभियंता बाई माझ्या ओळखीची आहे. आधी तिला फोन केला. न विचारता कुणाचा नंबर देऊन टाकणं म्हणजे आपलं ओझं त्याच्या दारात ठेवून पळणं. ती म्हणाली, "पातळीवर बोलेन. पण लोकांना हलवायचं कसं, हे माझं काम नव्हे. त्यासाठी पुराच्या वेळी बंदोबस्ताला उभा राहिलेला माणूस बोलवा." तिच्या होकारातही एक नकार होताच. मी दोन्ही गोष्टी तशाच पुढे कळवल्या. तिनं काय काम केलंय, कशावर बोलणार नाही आणि कोणत्या वेळी फोन केलेला चालेल, हे चार ओळींत. विदुषी, व्यासंगी वगैरे काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "मग काका, अध्यक्ष तरी व्हा!" आपल्याकडे हे ठरलेलंच. वक्ता व्हायला नाही म्हणाल, तर हार घालून मधल्या खुर्चीत बसवतात. पण कुणाचं बोलणं भरकटतंय हे अध्यक्षाला कळायला नको का? तीही खुर्ची नाकारली. त्रिपुरीच्या जुन्या वस्तीबद्दल एक पानभर टिपण मात्र दिलं, छापायचं तर छापा म्हणून.

परिसंवादाला तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो. पायरीचा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आलाच. बाई म्हणाली, "नुसत्या सोडलेल्या पाण्याच्या आकड्यावरून पायरी सांगता येत नाही. नदी आधीच किती भरलीय, धरण आणि घाट यांच्यामध्ये पाऊस किती पडतोय, नाले किती पाणी आणतायत आणि दरवाजे किती तास उघडे राहणार, हे आधी सांगा." विचारणारा गृहस्थ उभाच होता. त्यानं लगेच दुसरा प्रश्न विचारला, आणि बाईनं फळ्यावर नदीचा आडवा छेद काढायला घेतला.